वाड्यांच्या पुस्तकासाठी क्राउडफंडिंग: १ लाख ८० हजारांचं टार्गेट पुरेल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी जुन्या नाशकातल्या वाड्यांची रेखाचित्रं काढतेय. सरकारवाड्यापासून सुरुवात केली, मग भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटी असं करत ६४ वाडे झाले. त्यातले अकरा आता जागेवर नाहीत. याचं ११२ पानी, रंगीत, पक्क्या बांधणीचं पुस्तक करायचंय. प्रकाशक मिळाला नाही (एक मिळाला होता, तो माझ्याकडूनच पैसे मागत होता), म्हणून क्राउडफंडिंग करायचं ठरवलंय.

माझा हिशेब असा. सातपूरच्या छापखान्याचं कोटेशन आहे: ५०० प्रती, नगाला २८० रुपये, म्हणजे १,४०,०००. स्कॅनिंग आणि मांडणीचे ३५,०००. साईटची फी वगैरे किरकोळ ५,०००. एकूण १,८०,०००. पुस्तकाची वर्गणी ६०० रुपये ठेवली तर ३०० माणसं लागतात. शिवाय १२०० रुपयांचा एक वरचा टप्पा ठेवलाय, त्यात पुस्तक आणि सहा मोठी चित्रं, गोल नळकांड्यात घालून.

साईटवर दोन पर्याय दिसतात. एकात टार्गेट गाठलं नाही तर सगळे पैसे लोकांना परत. दुसऱ्यात जमेल तेवढे आपले. मला दुसरा सुरक्षित वाटतोय, कारण निदान हाती काहीतरी पडेल. बरोबर आहे ना? इन्स्टावर ३,८०० फॉलोअर्स आहेत, त्यामुळे ३०० माणसं अवघड जाऊ नयेत.

मिसळएक्स्प्रेस

रुमाल टाकून ठेवतो. ५००० च्या टप्प्यात लेखिकेसोबत मिसळ ठेवा, मी पहिला.

पेठरोडकर

ताई, आमच्या भाच्याच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही असाच निधी उभा केला होता. त्या साईटने एक पैसाही कमिशन घेतलं नाही. तुम्हाला फी कुठून आली? टार्गेट गाठलं नव्हतं तरी पैसे मिळाले, दवाखान्यात थेट जमा झाले. उगाच घाबरू नका. फक्त पैसे देणाऱ्याच्या बिलात 'टिप' नावाची रक्कम आधीच भरून येते, ती लोकांना शून्य करायला सांगा. माझ्या मेव्हण्याने न बघता पाच हजारांवर सहाशे जास्त दिले.

गोदाकाठ

भाचा आता बरा आहे ना, काका? माझं मदतीचं नाही, लोकांना पुस्तक द्यायचंय. या साईटवर ८ टक्के लिहिलेत. ते मी 'किरकोळ'मध्ये धरले होते.

पेठरोडकर

बरा आहे, क्रिकेट खेळतो. अच्छा, म्हणजे हे विकणं झालं. मग मला माहीत नाही.

आजोबा७२

आमच्या वेळी याला प्रकाशनपूर्व सवलत म्हणत. वर्तमानपत्रात चौकट द्यायची, मनीऑर्डरी यायच्या, वहीत नावं लिहायची. ना कमिशन, ना टार्गेट. सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या, फळ्यावर एक कागद लावा आणि नोंदणी सुरू करा. नवीन नावाखाली जुनंच चाललंय सगळं.

हिशेबनीस

गोदाकाठ ताई, मी तीन मोहिमांचा जमाखर्च सांभाळलाय. दोन पुस्तकं आणि एक माहितीपट. तुमच्या हिशेबात एक मोठी गफलत आहे. तुम्ही छपाईचा खर्च मोजला आणि त्याला ६०० ने भागलं. पण ६०० रुपये पूर्ण तुमच्या हातात येतच नाहीत. एका वर्गणीदाराचे ६०० कुठे कुठे जातात ते आधी बघू.

साईटची फी ८ टक्के, त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९.४४. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के, त्यावरही जीएसटी, म्हणजे २.३६. दोन्ही मिळून ११.८ टक्के. ६०० मधले ७१ रुपये इथेच गेले. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही, तो खर्चच समजायचा.

आता पुस्तक पोचवणं. ११२ पानं आर्ट पेपरवर आणि पक्की बांधणी, म्हणजे पुस्तक पाऊण किलोच्या आसपास जाईल. खोका धरून साडेआठशे ग्रॅम. राज्यातलं आणि बाहेरचं सरासरी काढून कुरिअरचे ९० धरा. खोका, बबल रॅप, चिकटपट्टी, लेबल यांचे २८. झाले ११८.

तिसरा खर्च कोणीच धरत नाही. माझ्या अनुभवात शंभरातली सात-आठ पार्सलं परत येतात. पत्ता बदललेला असतो, घराला कुलूप असतं, फोन उचलत नाहीत. परतीचं भाडं वेगळं लागतं आणि पुन्हा पाठवायचं वेगळं. आठ पार्सलांचे प्रत्येकी १८० म्हणजे १,४४०. ते शंभर जणांवर वाटले तर माणशी १४.

६०० वजा ७१ वजा ११८ वजा १४. उरले ३९७. छपाई आणि मांडणीच्या १,७५,००० ला हे ३९७ रुपये पुरे पडायला हवेत. भागून बघा, ४४१ माणसं लागतात, ३०० नाही. आणि ४४१ गुणिले ६०० म्हणजे टार्गेट २,६४,६००.

गोदाकाठ

बाप रे. ८५ हजारांचा फरक? मी कॅल्क्युलेटर दोनदा बडवला. आकडा तोच येतोय.

यूपीआयवाला

हिशेबनीस, गेटवेचे २ टक्के चुकीचे धरलेत. यूपीआयवर २०२० पासून एमडीआर, म्हणजे विकणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. आजकाल कोण कार्ड वापरतं? गेटवेचे ते १४ रुपये काढून टाका.

हिशेबनीस

एमडीआर शून्य आहे हे बरोबर. पण पैसे साईटच्या गेटवेतून येतात आणि गेटवे कंपनी स्वतःच्या सेवेचे पैसे साईटकडून घेते. साईट ते तुमच्या रकमेतून कापते, बहुतेक ठिकाणी सरसकट, यूपीआय असो की कार्ड. एका साईटने आम्हाला यूपीआयवर सूट दिली होती, पण ती करारात लिहून घेतली म्हणून. लेखी नसेल तर २ धरा. परदेशी कार्डावर ३ च्या पुढे जातं.

यूपीआयवाला

हे करारात बघायचं असतं हे माहीत नव्हतं. ठीक.

सोंगट्या

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात मी पोळलोय. 'जमेल तेवढे आपले' हा पर्याय सुरक्षित वाटतो ना, तसा मलाही वाटला होता.

मी घाटावरच्या एका बैठ्या खेळाची मोहीम केली होती. पट, लाकडी सोंगट्या, पत्ते. टार्गेट ३ लाख, जमले १ लाख ३० हजार, १४५ माणसांकडून. साईटने फी कापून पैसे खात्यात टाकले आणि अभिनंदनाचा ईमेल पाठवला. मीही पेढे वाटले. मग लक्षात आलं की १४५ जणांना खेळ द्यायचा शब्द दिलाय आणि पट छापणारा ५०० च्या खाली हात लावत नाही. लोकांच्या दृष्टीने मोहीम 'झाली' होती, कारण त्यांचे पैसे कापले गेले होते.

शेवटी पत्ते डिजिटलवर छापले, सोंगट्या ओझरजवळच्या एका सुताराकडून करून घेतल्या आणि घरचे ७० हजार घातले. चौदा महिने लागले. नऊ जणांचे पैसे परत केले, त्यांच्यावर कापली गेलेली फी मात्र परत आली नाही. बायको अजून त्या खेळाला 'सत्तर हजारी' म्हणते.

मिसळएक्स्प्रेस

सत्तर हजारी हे खेळाचं नाव म्हणून उत्तम आहे.

सोंगट्या

दुसरी आवृत्ती आली की बघू :)

हिशेबनीस

सोंगट्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. ताईंच्या आकड्यांवरच करून दाखवते. समजा 'जमेल तेवढे' घेतलं आणि २०० माणसं आली. जमा १,२०,०००. फीचे १४,१६० गेले, उरले १,०५,८४०. दोनशे पुस्तकं पोचवायला माणशी १३२ प्रमाणे २६,४००, उरले ७९,४४०. मांडणीचे ३५,००० द्यायचेच आहेत. छपाईला उरले ४४,४४०.

आता २०० प्रती छापायला काय लागेल? बायंडर काका या धाग्यावर फिरकले तर त्यांनीच सांगावं.

बायंडर

फिरकलो. चाळीस वर्षं छापखान्यात काढली, त्यामुळे कागदाचा वास आला की येतोच.

ऑफसेटला खरा खर्च प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा. चार रंगांच्या चार प्लेटा प्रत्येक फॉर्मला, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाला. त्या २०० प्रतींनाही तेवढ्याच लागतात आणि ५०० लाही. म्हणून ५०० चे १,४०,००० असतील तर २०० चे ५६,००० होत नाहीत, लाखाच्या पुढेच जातात. डिजिटलवर प्लेटा नाहीत, पण पान महाग. असं पुस्तक डिजिटलवर ५०० ते ५५० ला पडेल. ५२० धरा.

हिशेबनीस

धन्यवाद काका. २०० गुणिले ५२० म्हणजे १,०४,०००. हातात ४४,४४०. खिशातून साठ हजार. दोनशे लोकांनी विश्वासाने पैसे दिले आणि प्रत्येकामागे ताईंनी ३०० रुपये घातले, असा तो 'सुरक्षित' पर्याय. ज्या कामाला एक किमान रक्कम लागतेच, त्यात अर्धे पैसे मिळाले म्हणून अर्धं काम होत नाही.

कॉलेजरोडवरून

मी असहमत. साठ हजार घालण्यापेक्षा ५०० च छापाव्यात. तेव्हा ९५-९६ हजार घालावे लागतील, पण घरात ३०० पुस्तकं उरतील. ती नंतर विकता येतात. सिंहस्थ २०२७ ला आहे, नाशिकवरचं पुस्तक तेव्हा विकलं जाईल.

बायंडर

तीनशे पुस्तकं घरात म्हणजे सव्वादोनशे किलो कागद. गंगापूर रोडच्या तळमजल्यावर एक पावसाळा काढला की आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, बोर्ड वाकतात. माचा करून, प्लॅस्टिक लावून ठेवावी लागतात. आणि सिंहस्थातले भाविक दीड-दोन दिवस असतात. ते वाड्यांचं पाऊण किलोचं पुस्तक नेतील असं मला वाटत नाही. गंगाजळी नेतील.

कॉलेजरोडवरून

सगळेच भाविक नसतात काका. बघू.

तिकडचापक्षी

मग किकस्टार्टरवर का जात नाही? मी इथून दोन-तीन मोहिमांना पैसे दिलेत. टार्गेट पूर्ण झालं तरच कार्डावरून रक्कम जाते, नाहीतर काहीच कापलं जात नाही. परत करायची भानगडच नाही. फी पण ५ टक्के.

हिशेबनीस

तिथली पद्धत तशीच आहे, आणि ५ टक्क्यांवर पेमेंटचा खर्च वेगळा. पण भारतात राहून, भारतीय बँक खात्यावर तिथे मोहीम उभी करता येत नाही. आणि आपल्याकडे कार्डाला ओटीपी लागतो, तो त्या क्षणीच टाकायचा असतो. महिन्याभराने टार्गेट पूर्ण झाल्यावर साईट आपोआप पैसे काढू शकत नाही. म्हणून इथल्या साईट्स पैसे लगेच घेतात, धरून ठेवतात आणि टार्गेट हुकलं तर परत करतात.

यातच एक खाच आहे. पैसे परत गेले तरी गेटवेने घेतलेला खर्च परत येत नाही. तो साईट सोसते की तुमच्याकडून मागते, हे करारात शोधा. दोनशे माणसं येऊन मोहीम पडली तर १,२०,००० वर २.३६ टक्के म्हणजे २,८३२ रुपये. फार नाहीत, पण हरल्यावर आलेलं बिल फार लागतं. शिवाय व्हिडिओ, जाहिरात, डिझायनरची आगाऊ रक्कम गेलेलीच असते. तेव्हा 'सगळं किंवा काहीच नाही' म्हणजे फुकट हरणं नव्हे. किती रुपयांत हरायचं ते आधी ठरवता येतं, एवढंच.

गोदाकाठ

डिझायनरला दहा हजार देऊन झालेत.

हिशेबनीस

मग बाकीचे २५ हजार मोहीम यशस्वी झाल्यावर, असं आजच बोलून ठेवा. व्हिडिओला मोबाईल पुरेल. म्हणजे मोहीम पडलीच तर नुकसान तेरा हजारांत राहतं.

मिसळएक्स्प्रेस

अवांतर: क्राउडफंडिंगचा बाप म्हणजे १९७६ चा 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि सिनेमा झाला. ताईंनी पण दोन रुपये ठेवावेत. नाशिकची लोकसंख्या बघता पैसे उरतील.

हिशेबनीस

हसू नका, ते उदाहरण चांगलं आहे. तिथे दूध संस्थांचं जाळं आधीच होतं, रोज दुधाचे पैसे द्यायला घरोघरी ओळख होती. दहा लाख गोळा करायला वेगळा खर्च जवळपास लागला नाही. आणि कोणाला घरपोच काही पाठवायचं नव्हतं, शेतकरी स्वतःच सिनेमा बघायला गेले. आज दोन रुपयांची वर्गणी घेतली आणि कुरिअरने काही पाठवायचं म्हटलं तर तोटाच.

पेठरोडकर

आमच्या डेअरीत दोन रुपये कापले तर भांडणं होतील.

गोदाकाठ

१२०० च्या टप्प्याबद्दल कोणी बोललं नाही. किमान चाळीस जण तो घेतील असं वाटतंय. तिथे तरी दुप्पट सुटत असतील?

हिशेबनीस

चित्रं कोणत्या कागदावर आणि केवढी?

गोदाकाठ

ए-फोर, जाड कॉटन कागदावर. नगाला ४५ रुपये. नळकांडं ४५ ला मिळतंय.

हिशेबनीस

मग बघा. १२०० मधून फीचे १४२. पुस्तक पोचवायचे नेहमीचे ११८ आणि १४. उरले ९२६. सहा चित्रांचे २७०, नळकांड्याचे ४५. आणि नळकांडं पुस्तकाच्या खोक्यात मावत नाही, म्हणून दुसरं पार्सल. कुरिअरवाला नळकांडं वजनावर घेत नाही, आकारावर घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतो. ४५ गुणिले ८ गुणिले ८ म्हणजे २,८८०, भागिले ५,०००, झालं ५७६ ग्रॅम. आतल्या कागदाचं वजन शंभर ग्रॅमही नसेल. पण अर्ध्या किलोच्या वर गेलं म्हणून पुढच्या टप्प्याचं भाडं, ८५ धरा.

उरले ५२६. साध्या टप्प्यात ३९७ उरत होते. लोकांकडून ६०० जास्त घेतले आणि तुमच्या हाती आले १२९. बाकीचे कागदवाल्याला आणि कुरिअरला.

बायंडर

ताई, चित्रं पुस्तकाच्या आकाराचीच करा. कव्हर छापताना कडेला जागा उरते, त्यात ३०० जीएसएमच्या कार्डावर आपल्याकडेच निघतील, नगाला १२ रुपये. पुस्तकावर ठेवायची, मागे एक पुठ्ठा लावायचा, एकाच खोक्यात.

हिशेबनीस

मग चित्रांचे ७२, पुठ्ठ्याचे १०. उरतात ८४४. हा टप्पा चाळीस जणांनी घेतला तर साध्या टप्प्यापेक्षा जवळजवळ अठरा हजार जास्त. मोठं चित्र हवंच असेल त्याने सावानात किंवा तुमच्या घरी येऊन न्यावं.

आजोबा७२

कुरिअर कशाला? पोस्टाची पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट म्हणून सेवा आहे, १ मे २०२५ पासून. तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. तुमचं पार्सल नव्वदच्या निम्म्यात जाईल. तरुण मंडळी पोस्ट ऑफिसात जात नाहीत, त्याला कोण काय करणार.

हिशेबनीस

आजोबा, ही सेवा मी वापरलेली नाही. शैक्षणिक, सांस्कृतिक पुस्तकांना आहे एवढं माहितीये, जाहिराती असलेल्या प्रकाशनांना नाही. ताईंच्या पुस्तकात मागे प्रायोजकांची पानं आहेत का? आणि बरोबर सुटी चित्रं घातली तर खिडकीवरचा माणूस ते पुस्तक मानेल का?

गोदाकाठ

एका सराफांचं अर्धं पान आहे. मुख्य टपाल कार्यालयात विचारून येते.

आजोबा७२

अकराच्या आत जा. नंतर रांग असते.

सीएचाभाऊ

टॅक्सचं कोणी बोललं नाही. पण चिंता नको. पन्नास हजारांपर्यंतची भेट करमुक्त असते आणि ६०० रुपये तर किरकोळ. सगळे पैसे गिफ्ट दाखवा.

हिशेबनीस

भाऊ, ते पन्नास हजार एका माणसाचे नसतात. नातेवाईक सोडून वर्षभरात सगळ्यांकडून मिळून पन्नास हजारांच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर कर. आणि ही मुळात भेट नाहीच, बदल्यात पुस्तक आहे. विक्रीची आगाऊ रक्कम समजायची, खर्च वजा करून उरलं त्यावर कर. उरणार फारसं नाही. धोका तारखेचा आहे. मोहीम मार्चमध्ये संपली आणि छपाईचं बिल एप्रिलमध्ये आलं, तर एका वर्षात नुसती जमा आणि दुसऱ्या वर्षात नुसता खर्च दिसू शकतो. हिशेब कसा लिहायचा ते तुमच्या सीएला आधी विचारा. सीएच्या भावाला नको.

सीएचाभाऊ

भाऊ जेवायला बसलाय, विचारून सांगतो.

बायंडर

आता माझं एक. ताई, कोटेशनवर तळाला बारीक अक्षरात काय लिहिलंय?

गोदाकाठ

'दर १५ दिवसांसाठी'. हे मी वाचलंच नव्हतं.

बायंडर

कागदाचा भाव आम्हीही धरून ठेवू शकत नाही. तुमची मोहीम ४५ दिवसांची. संपल्यावर साईट पैसे द्यायला दोन-तीन आठवडे घेते. म्हणजे आजच्या भावाने तुम्ही दोन महिन्यांनी छापणार. निदान दहा टक्के वर धरा. आणि छापखाना निम्मे पैसे कागद आणायच्या आधी मागतो. साईटचे पैसे येईपर्यंत तारीख देऊ नका, नाहीतर मशीन दिवाळीच्या कॅलेंडरांना जाईल आणि तुम्ही डिसेंबरात.

दुसरं, ५०० छापल्या म्हणजे ५०० वाटायला मिळत नाहीत. १९५४ च्या कायद्याने चार प्रती ग्रंथालयांना द्यायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईची एशियाटिक आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. वाडेमालकांना प्रती कबूल केल्यात?

गोदाकाठ

पंचवीस.

बायंडर

आणि भिजलेल्या-फाटलेल्यांच्या बदली अठरा-वीस बाजूला. म्हणजे ४७ गेल्या. वर्गणीदारांना उरल्या ४५३.

हिशेबनीस

आणि इथे गाडी अडते. छपाईत दहा टक्के वाढ म्हणजे १४ हजार. स्थिर खर्च १,८९,०००. त्याला ३९७ ने भागलं तर ४७७ माणसं. पुस्तकं आहेत ४५३. म्हणजे ६०० च्या किमतीला सगळी पुस्तकं गेली तरी खर्च निघत नाही. मोहीम यशस्वी होऊन तोट्यात जाते ती अशी. टार्गेट हुकण्यापेक्षा हे मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण तेव्हा परत फिरताही येत नाही.

वर्गणी ६५० करून बघा. फी ७७, पोचवणं ११८, परतीचे १४. उरले ४४१. १,८९,००० ला ४२९ माणसं. ४५३ मध्ये बसतात. टार्गेट २,७८,८५०, म्हणजे २ लाख ८० हजार. वरच्या टप्प्याचे लोक आले तर माणसं आणखी कमी लागतील, पण ते टार्गेट ठरवताना धरू नका.

कॉलेजरोडवरून

६५० ला लोक मागे हटतील. पानं कमी करा. ६४ ऐवजी ४० वाडे, ७२ पानं. छपाई आणि वजन दोन्ही उतरेल.

गोदाकाठ

कोणते चोवीस वगळू? पडलेले अकरा तर ठेवलेच पाहिजेत.

कॉलेजरोडवरून

ते तुम्ही ठरवा. पण दोन लाख ऐंशी हजारांचा आकडा बघून लोक पहिल्या दिवशीच पळतील, असं माझं मत.

हिशेबनीस

आकड्याने पळत नाहीत. पहिल्या आठवड्यात साईटवरची जमा दाखवणारी पट्टी हलली नाही तर पळतात. ताई, ३,८०० फॉलोअर्स विसरा. आमच्या एका पुस्तकाला साडेपाच हजार फॉलोअर्स होते, तिथून आलेले वर्गणीदार ऐंशीच्या आतले. उरलेले फोन करून मिळाले. तुमच्या फोनमध्ये असे किती नंबर आहेत, ज्यांना तुम्ही स्वतः फोन करून 'पहिल्या आठवड्यात द्या' असं म्हणू शकता?

सोंगट्या

हे मी मोहीम सुरू झाल्यावर मोजलं होतं. अठ्ठावन्न निघाले. आधी मोजलं असतं तर सुरूच केली नसती.

आजोबा७२

मी म्हणतो तसं करा. आधी वहीत नावं घ्या, पैसे नकोत. दीडशे नावं झाली की साईटवर जा. नाही झाली तर कोणाला काही परत करायचं नाही.

हिशेबनीस

आजोबांशी यावेळी पूर्ण सहमत. फक्त वहीतलं नाव म्हणजे पैसे नव्हेत. माझ्या अनुभवात निम्मी नावं पुढे येतात.

आजोबा७२

आमच्या वेळी पाऊण यायची.

गोदाकाठ

उत्तरं एकदम देते. टपाल कार्यालयात जाऊन आले. जाहिरात असेल तर ज्ञान पोस्ट नाही असं सांगितलं. सराफांचं अर्धं पान काढून आभाराच्या पानावर फक्त नाव ठेवावं म्हणतेय, ते चालेल का यावर दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली. त्यामुळे हिशेबात कुरिअरचे ९० च धरते. सुटलं तर सुटलं.

पर्याय 'सगळं किंवा काहीच नाही' घेतेय. साईटला ईमेल केला, परतफेडीवरचा गेटवे खर्च कोणाचा म्हणून. अजून उत्तर नाही. डिझायनर २५ हजार नंतर घ्यायला तयार झाला, तोंड वाकडं करून. चित्रं लहान करतेय. पानं कमी करायची की ६५० ठेवायचे ते ठरलेलं नाही. दोन्ही कोटेशनं मागवलीत.

आणि काल रात्री फोन घेऊन बसले. हक्काने फोन करता येईल अशी १६३ नावं निघाली. त्यातले अकरा माझ्याकडून पुस्तक फुकटच मागतील.

बायंडर

१५२ धरा. ७२ पानांचं कोटेशन मी काढून ठेवतो, कागदाचे दोन नमुनेही. सोमवारी सकाळी या.

मिसळएक्स्प्रेस

१५३. मी वर म्हटलं होतं, पहिला मी. मिसळीचा खर्च हिशेबात धरलाय ना?

हिशेबनीस

पाव जास्तीचे धरलेले नाहीत.